विश्लेषण : चिक्की, फज आणि औषधाची बाटली… पाकिटावरची तारीख नेमके काय सांगते? ती कधी फसवते?

पावसाळ्यात लोणावळ्याहून परतणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये चिक्कीचा एक तरी खोका असतो. घरी आल्यावर तो फोडला जातो, थोडी चिक्की खाल्ली जाते आणि उरलेली डब्यात जाते. पंधरा दिवसांनी डबा उघडावा तर चिक्की हाताला चिकटते, तिचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. खोका उलटून पाहिला तर तारीख संपायला अजून दीड-दोन महिने आहेत. मग तारीख खोटी होती का? तारीख खोटी नव्हती, तिच्यासोबत छापलेली अट पाळली गेली नव्हती. हीच गोष्ट औषधाच्या बाटलीबाबत घडली, तर नुकसान केवळ चवीचे राहत नाही. उत्पादनाची तारीख, ‘बेस्ट बिफोर’, ‘यूज बाय’ आणि ‘एक्स्पायरी’ या चार शब्दांचा अर्थ काय, आणि मावळासारख्या दमट भागात तो कसा वाचावा, याविषयी…

चार शब्दांचे अर्थ काय?

उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख म्हणजे घड्याळ कधी सुरू झाले त्याची नोंद. वस्तू किती दिवस टिकेल हे ती एकटी सांगत नाही. तो हिशेब पुढच्या तारखेवरून कळतो.

‘बेस्ट बिफोर’ हे गुणवत्तेचे वचन आहे. सांगितलेल्या पद्धतीने ठेवल्यास या तारखेपर्यंत पदार्थाची चव, वास, रंग, कुरकुरीतपणा कंपनीने सांगितल्याप्रमाणे राहील, एवढाच त्याचा अर्थ. तारीख उलटल्यावरही पदार्थ खाण्याजोगा असू शकतो, मात्र त्याचा दर्जा उतरलेला असू शकतो.

‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’चा अर्थ याहून कडक आहे. या तारखेनंतर पदार्थाची गुणवत्ता आणि सुरक्षितता दोन्ही गृहीत धरता येत नाहीत आणि तो विकण्यास मनाई आहे. इथे ‘वास घेऊन बघू’ ही सवय चालत नाही. आजारी पाडणारे जंतू दुधात किंवा पनीरमध्ये वाढले तरी प्रत्येक वेळी वास किंवा चव बदलतेच असे नाही.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२०च्या लेबलिंग नियमावलीनुसार खाद्यपदार्थांच्या पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ अथवा ‘यूज बाय’ देणे बंधनकारक आहे. ‘बेस्ट बिफोर’ ही त्याशिवायची, ऐच्छिक माहिती ठरते. मद्य, व्हिनेगर, साखर अशा काही पदार्थांना सवलत आहे. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या पदार्थावर दिवस, महिना, वर्ष असे तिन्ही छापावे लागते. त्याहून जास्त टिकणाऱ्यावर महिना आणि वर्ष पुरते.

चिक्की आणि फज, एकाच पिशवीत दोन हिशेब कसे?

लोणावळ्यातील खरेदीत सहसा दोन प्रकार असतात. एक शेंगदाण्याची किंवा तिळाची चिक्की आणि दुसरा मऊ फज. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतले तरी त्यांचे आयुष्य वेगळे असते आणि त्याचे कारण पाण्यात आहे.

चिक्कीसाठी गुळाचा किंवा साखरेचा पाक कडक होईपर्यंत आटवतात. त्यात पाणी फारच कमी उरते आणि इतक्या कमी पाण्यात जंतूंना वाढता येत नाही. म्हणून चिक्की सहसा जंतूंमुळे बिघडत नाही. तिच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे गूळ आणि साखरेचा कडक पाक हवेतील ओलावा ओढून घेतो, त्यामुळे चिक्की आधी चिकट आणि मग मऊ होते. दुसरी म्हणजे शेंगदाण्यातील तेल हवेच्या संपर्कात हळूहळू खवट होते. त्याचा जुनाट तेलासारखा वास येतो आणि जिभेवर कडवट चव राहते.

फजमध्ये दूध, लोणी किंवा खवा असतो आणि पाणीही चिक्कीपेक्षा जास्त असते. त्यामुळे तिथे बुरशी आणि जंतूंना वाव मिळतो. फजच्या खोक्यावरची मुदत साधारणपणे कमी असते ती याच कारणाने. चिक्कीची तारीख दोन दिवसांनी उलटली आणि ती कोरडी, कुरकुरीत, वासाला चांगली असेल, तर फार घाबरण्याचे कारण नाही. दुधाच्या फजबाबत ही सवलत घेऊ नये.

एक धोका मात्र दोन्हींना लागू आहे. शेंगदाण्यावर हिरवट, काळसर बुरशी दिसली तर तेवढा तुकडा तोडून बाकीचे खाणे चुकीचे ठरते. शेंगदाण्यावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. ते यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्या-तळण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. असा खोका तारीख शिल्लक असली तरी टाकून द्यावा.

तारीख कशी मोजायची?

समजा, खोक्यावर ‘पॅकिंग : १२/०६/२५’ आणि ‘बेस्ट बिफोर : पॅकिंगपासून ९० दिवस’ असे छापले आहे. बरेच जण इथे ‘तीन महिने’ धरून १२ सप्टेंबर ही तारीख काढतात. प्रत्यक्षात जूनचे उरलेले १८ दिवस, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ३१ मिळून ८० दिवस होतात. उरलेले दहा दिवस धरले की तारीख येते १० सप्टेंबर. इथे फरक दोनच दिवसांचा आहे. पण सात-दहा दिवस टिकणाऱ्या पदार्थात दोन दिवस चुकणे मोठे असते.

दुसरी गल्लत दिवस आणि महिन्याच्या क्रमाची होते. भारतात छापलेल्या पाकिटावर ०६/०७/२५ म्हणजे ६ जुलै. अमेरिकेहून आलेल्या चॉकलेटवर तोच आकडा ७ जून असू शकतो. महिना अक्षरात छापलेला नसेल आणि पाकीट परदेशी असेल, तर दोन्हींपैकी अलीकडची तारीख धरणे सुरक्षित.

सुट्टी चिक्की किंवा मिठाई ट्रेमधून घेतली तर पाकीटच नसते. त्यासाठी १ ऑक्टोबर २०२०पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणे दुकानदाराला बंधनकारक करण्यात आले. उत्पादनाची तारीख लावणे ऐच्छिक ठेवले गेले. एफएसएसएआयच्या मार्गदर्शक यादीत कलाकंदाला त्याच दिवसाची, रसगुल्ला-रसमलाईला दोन दिवसांची, तर बेसनाच्या लाडवाला महिनाभराची मुदत सुचवलेली आहे. यातही पाण्याचाच हिशेब दिसतो. सुट्टी मिठाई घरी आणली की ट्रेवरची तारीख दुकानातच राहते. म्हणून ती घेतानाच पिशवीवर पेनाने लिहून घेतलेली बरी.

मग तारखेआधीच चिक्की का बिघडते?

तारखेशेजारी बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते, ‘थंड व कोरड्या जागी, हवाबंद डब्यात ठेवा’. पूर्ण वाक्य असे आहे : ‘कोरड्या जागी ठेवल्यास या तारखेपर्यंत’. आपण त्याचा फक्त शेवटचा तुकडा वाचतो.

लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धुक्याच्या दिवसांत कपाटातले कपडे ओलसर लागतात आणि मीठ पाझरते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. अशा हवेत खोका उघडा राहिला तर चिक्की मऊ व्हायला तीन महिने लागत नाहीत. तळेगाव किंवा पुण्यात तीच चिक्की जास्त दिवस कुरकुरीत राहू शकते, कारण घाटमाथ्यावरून खाली येताच हवेतील ओल कमी होते. म्हणजे छापलेली तारीख एकच असली तरी पदार्थाचे खरे आयुष्य घरागणिक बदलते. पाकीट फोडल्यानंतर तर ती तारीख जवळपास निरर्थक होते, कारण कंपनीने केलेली चाचणी बंद पाकिटाची असते.

तारखेमागे चाचणी असते का?

असायला हवी. लोणावळ्याला याचा अनुभव आहे. जून २०१९मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने येथील मगनलाल फूड प्रॉडक्ट्सला उत्पादन आणि विक्री थांबवण्याचे आदेश दिले होते. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पदार्थाच्या चाचण्या करून घेण्याचा मुद्दा त्यात होता. पाकिटावरचा आकडा जितका विश्वासार्ह, तितकी त्यामागची चाचणी विश्वासार्ह असावी लागते, हे त्या प्रकरणाने दाखवले.

लोणावळ्यात एकसारख्या नावाची अनेक दुकाने आहेत. त्यामुळे केवळ नाव वाचून उत्पादक कोण हे कळत नाही. पाकिटावरचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि बॅच क्रमांक या तीन गोष्टींवरून ते कळते. तारखेवर चिकटवलेला दुसरा कागद, खरवडल्याची खूण, पुसट होऊन पुन्हा छापलेले आकडे किंवा एकाच खोक्यातल्या पाकिटांवर वेगवेगळे बॅच क्रमांक दिसले तर वस्तू घेऊ नये आणि फोटो काढून ठेवावा.

औषधांवर ‘बेस्ट बिफोर’ का नसते?

कारण औषधाच्या बाबतीत ‘दर्जा थोडा उतरला तरी चालेल’ ही मुभाच नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५नुसार औषधाच्या लेबलवर उत्पादनाची आणि एक्स्पायरीची तारीख असते. एक्स्पायरी महिना आणि वर्षात दिली जाते व त्याचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस असा नियमातच सांगितला आहे. म्हणजे ‘एक्स्पायरी ०५/२०२७’ असेल तर औषध ३१ मे २०२७पर्यंत वापरता येते, १ मे रोजी ते बाद होत नाही. सर्वसाधारण औषधांना उत्पादनापासून ६० महिन्यांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही. काही औषधांची मुदत त्याहून कमी असते आणि ती नियमांच्या परिशिष्ट ‘पी’मध्ये दिलेली आहे.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एखाद्या व्हिटॅमिनच्या डबीवर ‘बेस्ट बिफोर’ दिसले, तर ती डबी उलटून पाहावी. तिथे औषध उत्पादनाच्या परवान्याऐवजी एफएसएसएआयचा क्रमांक असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते औषध नसून पूरक आहार आहे.

‘तारीख आहे ना अजून?’ ही चूक कुठे होते?

सर्वात जास्त ती मुलांच्या औषधात होते. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे ड्राय सिरप हे त्याचे उदाहरण. हे प्रतिजैविक बाटलीत कोरड्या पावडरीच्या रूपात येते आणि घरी उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून ते तयार करायचे असते. बाटलीवर ‘एक्स्पायरी ०५/२०२७’ आहे. ४ जुलैला पाणी घातले, पाच दिवस औषध दिले, मूल बरे झाले आणि थोडे औषध फ्रीजच्या दारात उरले. ऑगस्टमध्ये पुन्हा ताप आला. आईने बाटली काढून तारीख पाहिली, ती २०२७ची होती, म्हणून दोन चमचे दिले गेले.

इथे तारीख नीट वाचली गेली, पण ती पावडरीची होती. पाणी घालताच औषधाचे रेणू पाण्याशी अभिक्रिया करून तुटू लागतात. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तर विशेष लवकर तुटते. म्हणून लेबलवर ‘पाणी मिसळल्यावर फ्रीजमध्ये ठेवा व सात दिवसांत वापरा’ अशी सूचना असते. त्या हिशेबाने ही बाटली ११ जुलैलाच टाकून द्यायला हवी होती. ऑगस्टमध्ये मुलाला मिळाले ते बहुधा कमी ताकदीचे औषध. त्याने ताप उतरत नाही, आजार लांबतो आणि उरलेल्या जंतूंना त्या औषधाची सवय होण्याचा धोका वाढतो. पावसाळ्यात वीज जाऊन फ्रीज तासन्‌तास बंद राहिला असेल तर सात दिवसही भरवशाचे नाहीत. शिवाय दुसऱ्या वेळचा ताप विषाणूचा असेल तर प्रतिजैविकाचा उपयोगच नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय उरलेले औषध देऊच नये.

उघडल्यावर वेगळी मुदत सुरू होणारी आणखी दोन औषधे घरोघरी असतात. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिनाभरात टाकून द्यायचे असतात, कारण बाटलीचे तोंड प्रत्येक वापरात हवेशी व हाताशी येते. इन्सुलिन न उघडता २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. वापरायला काढल्यावर बऱ्याच प्रकारांना सुमारे २८ दिवसांची मुदत असते. ते गोठले तर तारीख काहीही असो, वापरायचे नाही. या तिन्ही औषधांवर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवणे, एवढाच उपाय आहे.

गोळ्यांना पावसाळा बाधतो का?

बाधतो, म्हणूनच त्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद असतात. ॲस्पिरिन हे त्याचे सोपे उदाहरण. ओलावा मिळाला की त्याचे सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्लात विघटन होते. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. त्यामुळे बिघडलेल्या ॲस्पिरिनला आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो. हृदयविकाराचे रुग्ण ही गोळी रोज घेतात, हे लक्षात घेतले तर त्या वासाचे महत्त्व कळते. मात्र प्रत्येक औषध असा इशारा देत नाही. बहुतेक गोळ्यांची ताकद दिसण्यात फरक न पडताही कमी होऊ शकते.

म्हणून आठवड्याच्या सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून कप्प्यांच्या डबीत भरणे कोरड्या दिवसांत चालून जाईल, पण लोणावळ्याच्या जुलैमध्ये गोळी खायच्या वेळीच पाकिटातून काढलेली बरी. औषधांचा डबा न्हाणीघरात किंवा गॅसच्या ओट्यावर नसावा. साध्या गोळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या की जास्त टिकतात, हा समजही चुकीचा आहे. थंड पाकीट दमट हवेत बाहेर काढले की त्यावर पाणी जमते. लेबलवर सांगितले असेल तरच औषध फ्रीजमध्ये ठेवावे. उन्हाळ्यात याच्या उलट धोका असतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि ‘३० अंशांखाली ठेवा’ ही अट एका दुपारीच मोडते.

पाकिटातून अर्धीच पट्टी कापून घेतली तर तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. अशा वेळी बिलावर बॅच क्रमांक आणि एक्स्पायरी लिहून मागावी. १ ऑगस्ट २०२३पासून ठरावीक ३०० औषध ब्रँडवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक आहे. तो फोनने स्कॅन केल्यावर उत्पादक, बॅच आणि दोन्ही तारखा दिसतात. पाकिटावर छापलेल्या तारखांशी त्या जुळतात का, हे पाहता येते.

‘मुदत संपलेली औषधेही चालतात’ हे खरे का?

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या या दाव्यामागे एक खरा अभ्यास आहे. अमेरिकी लष्कराच्या साठ्यातील औषधांची मुदत वाढवता येते का, हे तपासण्याचा कार्यक्रम १९८६मध्ये सुरू झाला. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार १२२ औषधांच्या तपासलेल्या साठ्यांपैकी ८८ टक्के साठ्यांची मुदत किमान वर्षभर वाढवता आली. पण ती औषधे मूळ बंद पाकिटात, नियंत्रित तापमानात ठेवलेली होती आणि प्रत्येक साठ्याची प्रयोगशाळेत चाचणी होत होती. कामशेतमधल्या किंवा खंडाळ्यातल्या घरात, चार पावसाळे पाहिलेल्या डब्यातल्या गोळीला हा निष्कर्ष लावता येत नाही. त्या अभ्यासातूनही हेच दिसते की औषधाचे आयुष्य साठवणुकीवर ठरते. आपल्या घरात ते तारखेपेक्षा कमीही असू शकते.

लेबलमध्येच काय बदलायला हवे?

नियमानुसार खाद्यपदार्थाच्या लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत द्यावी लागते. मराठीत ती देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. तारीख आकड्यात असल्याने कुणालाही वाचता येते, पण ‘कोरड्या जागी ठेवा’ किंवा ‘पाणी मिसळल्यावर सात दिवसांत वापरा’ ही अट बारीक इंग्रजीत राहते. तारीख वाचणाऱ्याला तिची अट कळत नसेल, तर ती तारीख सुरक्षिततेचा खोटा दिलासा देते. मावळात विकल्या जाणाऱ्या चिक्कीच्या खोक्यावर साठवणुकीची ओळ तारखेइतक्याच मोठ्या अक्षरात, मराठीत छापायला उत्पादकांना नियमबदलाची वाट पाहण्याची गरज नाही. ड्राय सिरप देताना बाटलीवर ‘पाणी मिसळल्याची तारीख : ____’ अशी चिठ्ठी लावायला औषध विक्रेत्याला एक रुपयाही लागत नाही.

तोवर ग्राहकाने तारीख पाहताना शेजारची ओळ वाचावी आणि पाकीट उघडले त्या दिवशी त्यावर दिनांक टाकावा. मुदत संपलेला किंवा तारखेत फेरफार केलेला माल विक्रीला दिसल्यास राज्य अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी बिल, पाकिटाचा फोटो आणि बॅच क्रमांक हाताशी ठेवावा आणि माल फेकून देऊ नये, कारण तपासणीला तोच लागतो.